शेजारच्या रंगाने बदलणारा राखाडी: नमुना तपासण्यापासून मांडणीपर्यंत

राखाडी सोफा काळपट वाटतो म्हणून त्यावर पांढऱ्या उश्या ठेवल्या जातात, आणि सोफा आणखी काळपट दिसू लागतो. भिंतीसाठी राखाडी रंग निवडताना नमुना जुन्या पांढऱ्या भिंतीवर लावून पाहिला जातो. तो फार गडद वाटतो, म्हणून शेडकार्डवर दोन घरं फिका रंग घेतला जातो, आणि खोली रंगवून झाली की भिंत राखाडी आहे हे सांगावं लागतं. या दोन्ही चुकांचं मूळ एक आहे. डोळा एखाद्या पृष्ठभागाचा फिकेपणा सुटा मोजत नाही, तो शेजाऱ्याशी तुलना करून ठरवतो. शेजार उजळ असेल तर राखाडी गडद वाटतो, शेजार गडद असेल तर तोच राखाडी उजळतो. शेजार रंगीत असेल तर राखाडीवर त्या रंगाच्या विरुद्ध झाक चढते.

एवढं बऱ्याच जणांना ऐकून माहीत असतं. गडबड होते ती क्रमात. आधी वस्तू घेतल्या जातात, मग त्या जुळवल्या जातात, आणि शेवटी काय बिघडलं ते शोधताना एकदम चार गोष्टी हलवल्या जातात. खालचे टप्पे दिलेल्या क्रमानेच करा.

## तयारी

फार काही लागत नाही. मॅट, म्हणजे चकाकी नसलेला, मध्यम राखाडी कागद एक. पांढरा आणि काळा पुठ्ठा, प्रत्येकी साधारण वहीच्या उघड्या पानाएवढा. केशरी, निळा, हिरवा, पिवळा असे रंगीत कागद, किंवा तुमच्या खोलीत जे ठळक रंग आहेत त्यांचे कापडाचे तुकडे. काळ्या मॅट कागदाची एक नळी गुंडाळून घ्या, वीतभर लांब आणि आतून दोन बोटं जातील इतकी रुंद. भिंत रंगवायची असेल तर दोन पातळ बोर्ड, प्रत्येकी साधारण ६० सेंटिमीटर लांब-रुंद.

कागद चकचकीत घेऊ नका. चकाकीवर खिडकीचं प्रतिबिंब येतं आणि तुम्ही कागदाऐवजी खिडकी तपासत बसता.

शिवाय रंगांचा एलआरव्ही आकडा शोधून ठेवा. पुष्कळ रंगकंपन्या तो तक्त्यात किंवा संकेतस्थळावर देतात. पृष्ठभागावर पडलेल्या प्रकाशापैकी किती टक्के परत येतो, ते हा आकडा सांगतो. काळ्याकडे शून्य, पांढऱ्याकडे १००. इथे एक सापळा आहे. ५० हा आकडा डोळ्याला मध्यम राखाडी वाटत नाही, चांगला फिका वाटतो. काळ्या-पांढऱ्याच्या बरोबर मधे वाटणारा राखाडी १८ ते २० च्या आसपास असतो. म्हणून १० आणि ४० यांतला फरक डोळ्यात भरतो, तर ६० आणि ९० यांतला, तेवढेच ३० आकडे असूनही, त्याच्या निम्म्याहून कमी वाटतो.

## टप्पा १: आधी फरक स्वतः पाहा

राखाडी कागदाचे दोन सारखे चौकोन कापा, प्रत्येकी तीन-चार बोटं रुंद. एक पांढऱ्या पुठ्ठ्याच्या मधोमध ठेवा, दुसरा काळ्या. दोन्ही पुठ्ठे एकमेकांना चिकटवून टेबलावर ठेवा, उजेड दोघांवर सारखा पडेल असे. काळ्यावरचा चौकोन स्पष्ट फिका दिसेल.

आता त्याच कागदाची एक लांब पट्टी कापून दोन्ही चौकोनांना जोडेल अशी आडवी ठेवा. फरक बराचसा मावळतो, कारण डोळ्याला एकच सलग पृष्ठभाग मिळतो. पट्टी उचला, फरक परत येतो. दोन्ही चौकोन एकाच कागदाचे आहेत हे माहीत असूनही परत येतो. त्यामुळे "एकदा कळलं की मी फसणार नाही" असं धरून चालू नका. माहितीने हा परिणाम जात नाही, मांडणीने बदलतो.

आता चौकोन लहान-मोठा करून पाहा. छोटा तुकडा जास्त बदलतो. चौकोन इतका मोठा केला की पुठ्ठ्याची फक्त बारीक किनार उरेल, तर बदल कमी होतो. घरात याचा अर्थ असा की फुलदाणी, दिव्याची शेड, उशी यांच्यावर शेजाराचा ताबा जास्त, सोफ्यावर मध्यम, आणि पूर्ण भिंतीवर सर्वांत कमी.

तपासणी: फरक दिसलाच नाही तर बहुधा पुठ्ठा फार लहान आहे किंवा एका बाजूवर सावली पडते आहे. खिडकीपासून लांब, सारख्या उजेडात पुन्हा करा.

## टप्पा २: भासलेलं आणि खरोखरचं वेगळं करा

हा टप्पा बहुतेक जण गाळतात, आणि पुढचे सगळे घोळ इथूनच सुरू होतात. राखाडीवर दिसणारी रंगाची झाक दोन अगदी वेगळ्या कारणांनी येऊ शकते, आणि त्या दोन कारणांचा परिणाम उलटा असतो.

पहिलं कारण म्हणजे तुलना. केशरी गालिच्याशेजारचा राखाडी निळसर वाटतो. दुसरं कारण म्हणजे परतलेला उजेड. खिडकीतून आलेला प्रकाश त्याच केशरी गालिच्यावर पडून वर उडतो आणि राखाडीवर खराच केशरी उजेड टाकतो. पहिल्यात झाक विरुद्ध रंगाची असते, दुसऱ्यात शेजाऱ्याच्याच रंगाची. पहिली मांडणीने सुटते. दुसरीसाठी उजेड हलवावा लागतो, किंवा तो रंगीत पृष्ठभाग झाकावा लागतो.

ओळखायचं नळीने. एक डोळा मिटा, दुसऱ्याला नळी लावा आणि नळीत फक्त राखाडी भरेल, शेजारचं काहीच दिसणार नाही असं धरा. झाक नाहीशी झाली तर ती तुलनेमुळे होती. राहिली तर ती खरी आहे: उजेडातली, किंवा त्या रंगातच मिसळलेली. बाजारातले बहुतेक राखाडी रंग थोडे निळ्याकडे, हिरव्याकडे किंवा तपकिरीकडे झुकलेले असतातच. उजेडातली की रंगातली हे ठरवायला वस्तूचा तुकडा खोलीच्या दुसऱ्या बाजूला, रंगीत पृष्ठभागापासून दूर नेऊन पुन्हा नळीतून पाहा.

सावधान: रंगीत वस्तूकडे टक लावून पाहिल्यावर लगेच नळी लावू नका. डोळ्यात त्या रंगाची विरुद्ध छाया काही क्षण रेंगाळते. आधी साध्या, बिनरंगी पृष्ठभागाकडे थोडा वेळ पाहा, मग नळी लावा.

सावधान: नळीतून रंग किती फिका आहे हे ठरवू नका. नळीचा आतला काळा रंग हाही एक शेजारच आहे, त्यामुळे प्रत्येक राखाडी त्यात उजळलेला दिसतो. दोन राखाडी एकमेकांशी ताडायचे असतील तर राखाडी पुठ्ठ्याला दोन भोकं पाडा आणि दोन्ही नमुने एका वेळी त्यांतून पाहा. दोघांना सारखाच शेजार मिळाला की तुलना खरी होते.

फोनच्या कॅमेऱ्यावर इथे विसंबू नका. कॅमेरा उजेड आणि पांढरेपणा प्रत्येक फोटोत स्वतःहून जुळवतो, त्यामुळे दोन वेगळ्या फोटोंतले राखाडी ताडता येत नाहीत.

## टप्पा ३: खोलीतलं सर्वांत पांढरं काय आहे ते शोधा

शेजार म्हणजे फक्त चिकटलेली वस्तू नव्हे. खोलीत शिरल्यावर नजरेत जो सर्वांत उजळ पृष्ठभाग येतो, त्याला डोळा सहसा पांढरा मानतो आणि बाकीच्यांची जागा त्याच्या खाली लावतो. अगदी फिका राखाडी, समजा एलआरव्ही ७० चा, ज्या खोलीत सर्वांत उजळ आहे तिथे तो पांढराच वाटतो. त्याच भिंतीला शुभ्र दाराची चौकट लावली की तीच भिंत राखाडी दिसायला लागते.

खोलीच्या मधोमध उभं राहून डोळे किंचित बारीक करा. तपशील विरघळतात आणि फक्त उजळ-गडद ठोकळे उरतात. सर्वांत उजळ काय, ते लिहून ठेवा: छत, चौकट, पडदा, फ्रिज, काहीही. मग सर्वांत मोठं काय, ते लिहा. बहुधा भिंती आणि जमीन. या दोन्हींचं नक्की ठरेपर्यंत छोट्या वस्तूंना हात लावू नका.

फिकी राखाडी भिंत राखाडी म्हणूनच ओळखू यावी असं वाटत असेल तर छत आणि चौकटी शुभ्र ठेवा. ती फक्त मऊ, शांत पांढरी वाटावी असं असेल तर खोलीतून शुभ्र पृष्ठभाग काढा. चौकटी भिंतीच्याच रंगात, पडदे किंचित मळकट पांढरे. पुष्कळ घरांत पांढऱ्या चौकटी सवयीने ठेवल्या जातात आणि मग भिंत मळकी दिसते म्हणून भिंतीला दोष दिला जातो.

## टप्पा ४: नमुना योग्य शेजारात पाहा

शेडकार्डवर प्रत्येक रंगाभोवती पांढरी पट्टी असते. लहान तुकडा आणि पांढरा शेजार, म्हणजे राखाडी जितका गडद वाटू शकतो तितका तिथे वाटणार. भिंतीवर थेट लावलेल्या हातभर नमुन्याचंही तेच होतं. भिंत पांढरी असेल तर नमुना गडद वाटतो, पिवळसर असेल तर त्यावर निळसर-जांभळी झाक येते. पूर्ण खोली रंगवल्यावर हा शेजार उरणारच नसतो, म्हणजे तुम्ही अशा परिस्थितीत निवड केलेली असते जी पुन्हा कधी येणार नाही.

योग्य पद्धत अशी:

१. दोन्ही बोर्डांवर तोच रंग दोन हात द्या, अगदी काठापर्यंत. मास्किंग टेप लावून पांढरी किनार सोडू नका. सुबक दिसते, पण तीच नमुना बिघडवते.

२. पूर्ण वाळू द्या. ओला रंग आणि वाळलेला रंग यांची छटा वेगळी असते.

३. दोन्ही बोर्ड खोलीच्या कोपऱ्यात काटकोनात उभे करा, एक या भिंतीला, दुसरा त्या भिंतीला टेकवून. कोपऱ्यात दोन भिंती एकमेकींवर उजेड टाकतात आणि रंग थोडा दाटतो. खोली रंगवल्यावर हेच होणार आहे.

४. जवळ जा, इतकं की नजरेत बोर्डच भरतील आणि जुनी भिंत कडेला जाईल. फिकेपणाचा निर्णय इथून घ्या.

५. मग बोर्डासमोर जमिनीचा, पडद्याचा, सोफ्याच्या कापडाचा तुकडा धरा. जो शेजार पुढे कायम राहणार आहे तोच.

तपासणी: बोर्ड सकाळी, दुपारी आणि रात्री दिवे लावून पाहा. दोन राखाडी दिवसा जुळतात आणि दिव्याखाली फुटतात असं होऊ शकतं, कारण त्यांतली रंगद्रव्यं वेगळी असतात. तो शेजाराचा परिणाम नाही आणि मांडणीने सुटत नाही. तसं झालं तर नमुना बदला.

दोन-तीन राखाडी नमुने शेजारी शेजारी लावून निवडू नका. ते एकमेकांनाच बदलतात: फिक्याशेजारी मधला गडद वाटतो, निळसराशेजारी साधा राखाडी तपकिरी वाटतो. एका वेळी एकच नमुना पाहा, दुसरा खोलीबाहेर ठेवा.

## टप्पा ५: फिकं की गडद, दिशा ठरवा आणि शेजार लावा

आता छोट्या वस्तू. नियम एका ओळीचा आहे: राखाडी फिका हवा असेल तर त्याच्या मागे आणि भोवती त्याच्याहून गडद काही द्या, गडद हवा असेल तर त्याच्याहून उजळ. पण तो नीट लागू व्हायला तीन गोष्टी लक्षात घ्याव्या लागतात.

शेजारी चिकटून असावा लागतो. राखाडी फुलदाणीपासून हातभर दूर ठेवलेली काळी मूर्ती फारसं काही करत नाही. तीच मूर्ती मागे, फुलदाणीच्या कडेला लागून दिसेल अशी ठेवली की काम करते. "दिसेल अशी" हे महत्त्वाचं, कारण तुम्ही बसता तिथून कडा कडेला लागली पाहिजे. प्रत्यक्षात वस्तूंमधे अंतर असलं तरी चालतं.

शेजारी राखाडीपेक्षा मोठा असावा किंवा निदान त्याला तिन्ही बाजूंनी घेरणारा. राखाडी चित्रचौकटीमागे तिच्याएवढाच काळा पुठ्ठा ठेवून उपयोग नाही. पुठ्ठ्याची सगळीकडून वीतभर कड बाहेर आली पाहिजे.

आणि मधे कुंपण नको. राखाडी आणि शेजारी यांच्या मधे दुसऱ्याच रंगाची जाड रेघ आली, जसं उशीची रुंद पांढरी किनार किंवा फ्रेमची सोनेरी पट्टी, तर राखाडीची तुलना त्या रेघेशी होते. गडद भिंतीवरच्या राखाडी चित्राला पांढरं पासपार्टू, म्हणजे चित्र आणि फ्रेम यांच्या मधली पुठ्ठ्याची किनार, दिलं की भिंतीचा परिणाम मधेच अडतो. हे नको असताना घडलं तर ती चूक, पण परिणाम तोडायचा असेल तेव्हा हेच हत्यार आहे.

तपासणी: एक वस्तू ठेवा, नेहमीच्या जागी बसून पाहा, काढा, पुन्हा पाहा. दोन बदल एकदम केले तर कशाने काय झालं ते कळणार नाही.

## टप्पा ६: रंगाची झाक

लाल शेजारी राखाडीला हिरवट करतो, हिरवा गुलाबीसर करतो, निळा पिवळसर-उबदार करतो, केशरी निळसर करतो, पिवळा निळसर-जांभळा करतो. हे पाठ करण्याऐवजी राखाडी तुकडे त्या त्या रंगीत कागदावर ठेवून एकदा बघून घ्या.

कमी माहीत असलेली आणि मांडणीत सर्वांत कामाची गोष्ट पुढे आहे. ही झाक सर्वांत जास्त दिसते ती राखाडी आणि रंगीत शेजारी यांचा फिकेपणा जवळपास सारखा असतो तेव्हा. मध्यम राखाडी मध्यम विटकरीशेजारी चांगलाच निळसर होतो. तोच राखाडी खूप गडद मरून रंगाशेजारी ठेवला तर निळसरपणा घटतो आणि त्याऐवजी राखाडी फिका झालेला जाणवतो. म्हणजे झाक नको असेल तर रंग सोडायची गरज नाही. त्याच रंगाची बरीच गडद किंवा बरीच फिकी छटा घ्या. आवडता केशरी पडदा आणि साधा राखाडी सोफा एकत्र नांदवायचे असतील तर माझ्या मते हा सर्वांत सोपा मार्ग आहे, आणि नवा सोफा घेण्याआधी तो करून पाहायलाच हवा.

झाक हवी असेल तर उलट करा. फिकेपणा जुळवा, रंगीत भाग मोठा ठेवा, राखाडी लहान ठेवा आणि मधे किनार येऊ देऊ नका.

तपासणी: फिकेपणा जुळतो का हे पाहायला राखाडी आणि रंगीत तुकडे कडेला कड लावून धरा आणि डोळे बारीक करा. मधली कड विरघळल्यासारखी झाली तर दोघांचा फिकेपणा जवळ आहे.

## टप्पा ७: बारीक नक्षी उलटी चालते

इथे वरचा नियम लागू करणारे हमखास फसतात. राखाडी कापडावर पांढऱ्या बारीक रेघा असतील तर राखाडी गडद वाटायला हवा, पण तो उजळ वाटतो. काळ्या बारीक रेघा त्याला गडद करतात. पट्टे बारीक झाले की डोळा तुलना करण्याऐवजी शेजारच्यांना मिसळायला लागतो.

बारीक म्हणजे किती, हे अंतरावर ठरतं. तीन मीटरवरून दोन-तीन मिलिमीटरच्या रेघा मिसळतात, तर तळहाताएवढे पट्टे तुलनाच घडवतात. मधल्या मापांची खात्री देता येत नाही. म्हणून नक्षीचं कापड दुकानात हातात धरून ठरवू नका. ते कुणाकडून तरी धरवून घ्या आणि घरात जितक्या लांबून दिसणार आहे तितकं मागे जाऊन पाहा.

सोफा उजळायचा आहे पण घरात गडद काही नको, अशांना हा मार्ग उपयोगी पडतो: सलग पांढऱ्या उश्यांऐवजी राखाडीवर बारीक पांढऱ्या रेघांच्या उश्या. उशी स्वतः उजळ राखाडी दिसते आणि सलग पांढऱ्या ठोकळ्याइतकी ती सोफ्याला खाली ढकलत नाही.

## एक खोली, पहिल्यापासून शेवटपर्यंत

समजा भिंत मळकट पांढरी, एलआरव्ही ८२. सोफा मध्यम राखाडी, साधारण २२. त्याच्या पायाशी विटकरी गालिचा, फिकेपणाने सोफ्याच्या जवळपास, २० च्या आसपास. सोफ्यावर चार शुभ्र उश्या. तक्रार अशी की सोफा काळपट आणि थंड, निळसर दिसतो, दुकानात असा नव्हता.

पहिलं काम नळी. सोफ्याच्या बैठकीवर नळी धरली की निळसरपणा जातो, म्हणजे तो तुलनेचा आहे आणि बहुधा गालिच्यामुळे. सोफ्याच्या पुढच्या खालच्या भागावर, गालिच्याच्या लगेच वर, नळीतून उलट किंचित लालसर झाक दिसते. हा गालिच्यावरून उडालेला खरा उजेड. एकाच सोफ्यावर दोन विरुद्ध गोष्टी चालू आहेत. हे न पाहता कुणी "थंडपणा घालवायला" आणखी विटकरी वस्तू आणल्या असत्या तर बैठक अधिक निळी झाली असती आणि खालचा भाग अधिक लाल.

मग उश्या काढा, चारही. नवं काही न ठेवता सोफा थोडा उजळतो, कारण त्याच्या अगदी मध्यावर असलेला सर्वांत तीव्र उजळ शेजारी गेला. इथे थांबून एक दिवस तसंच ठेवा. पुढचं काय हवं ते यानंतर जास्त स्पष्ट होतं.

तिसरं, गालिचा. तो सोफ्यापासून हातभर पुढे ओढला की मधे जमिनीची पट्टी येते. कड तुटते, परतणारा उजेडही घटतो. पट्टी दिसणं आवडत नसेल तर विटकरीच्याच घराण्यातला पण खूप गडद गालिचा घ्या, एलआरव्ही सातच्या आसपास. त्याने दोन कामं होतात: फिकेपणातलं अंतर वाढल्याने निळसर झाक घटते, आणि गडद शेजारामुळे सोफा उजळतो. शिवाय गडद गालिच्यावरून उजेडही कमी उडतो, त्यामुळे खालचा लालसरपणा कमी होतो.

चौथं, उश्या परत. दोन गडद कोळशी, एक बारीक पांढऱ्या रेघांची. शुभ्र उशी हवीच असेल तर एकच, आणि ती सोफ्याच्या टोकाला.

पाचवं, भिंत. एवढं झाल्यावरही सोफ्याची पाठ ८२ च्या भिंतीसमोर काळपट दिसते, कारण तिथली कड बदललेलीच नाही. सोफ्यामागे गडद निळसर-करडा पट्टा रंगवा किंवा तेवढं मोठं गडद कापड लावा, आकडा आठ ते दहा. त्याची रुंदी सोफ्याहून दोन्ही बाजूंनी निदान वीतभर जास्त हवी. कमी ठेवली तर सोफ्याची दोन्ही टोकं पांढऱ्यासमोर गडद आणि मधला भाग गडदासमोर फिका होतो, आणि एकाच कापडाचा सोफा तीन तुकड्यांचा वाटतो. हा दोष मी सजवलेल्या खोल्यांत वारंवार पाहतो, आणि तिथे नेहमी डाग किंवा कापडाच्या ठाणाला दोष दिलेला असतो.

शेवटी दिवा. गडद पट्ट्यावर थेट उजेड टाकणारा दिवा असेल तर तो वळवा. उजेड पडलेला गडद रंग डोळ्याला मध्यम वाटतो आणि पट्ट्याचा अर्धा उपयोग संपतो. दिव्याचा झोत सोफ्याच्या बैठकीवर हवा, मागची भिंत सावलीत.

## मर्यादा, आणि कधी थांबायचं

शेजाराने राखाडी साधारण शेडकार्डवरच्या एखाद्या घराइतका सरकतो. वस्तू लहान असेल तर थोडा जास्त, मोठी असेल तर कमी. गडद कोळशी सोफा त्याने फिका होणार नाही. खोलीत उजेडच कमी असेल तर गडद शेजार लावून राखाडी तुलनेने उजळेल, पण खोली आणखी अंधारी होईल, कारण गडद पृष्ठभाग उजेड गिळतात. कमी उजेडाच्या खोलीत वरच्या उदाहरणातला सोफ्यामागचा मोठा गडद पट्टा टाळा आणि बारीक रेघांच्या कापडावर भर द्या.

वस्तू बदलण्याचा निर्णय घेण्याआधी शेवटची तपासणी करा. तुम्हाला हव्या असलेल्या फिकेपणाचा राखाडी कागद सोफ्यावर सपाट ठेवा आणि दोन भोकांच्या राखाडी पुठ्ठ्यातून कागद आणि सोफा एका वेळी पाहा. दोन्ही भोकं जवळपास सारखी दिसली तर दोष शेजाराचा आहे, मांडणीवर पुन्हा काम करा. सोफ्याचं भोक स्पष्ट गडद असेल तर कापडच गडद आहे, आणि तिथे अभ्रा बदलणं हाच उपाय.